आकडा ८.६ आणि रक्ताची बाटली

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी मंडळातल्या बऱ्याच जणांच्या फोनमध्ये माझं नाव अजून 'रक्तपेढी डॉक्टर' असंच आहे. महिन्यातून दोन-तीन फोन येतातच. कोणाचे सासरे दवाखान्यात असतात, कोणाच्या सुनेचं बाळंतपण असतं. पहिलं वाक्य ठरलेलं: "ताई, हिमोग्लोबिन इतकं इतकं आलंय, रक्त द्यायला हवं ना?" मी विचारते, पेशंट कसा आहे? बोलतोय का? दम लागतोय का? लघवी होतेय का? पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर येतं, "ते ठीक आहे हो, पण आकडा..."

आज या आकड्याबद्दलच लिहिणार आहे. आपल्याकडे तो पत्रिकेतल्या गुणांसारखा वाचला जातो. इतक्याच्या खाली आला की रक्त, वर असला की निश्चिंत. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि दुसरा पहिल्याहून घातक आहे.

हा आकडा रूढ कसा झाला त्याची गंमत आहे. १९४२ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या ॲडम्स आणि लंडी या दोन डॉक्टरांनी लिहिलं, की प्रकृती नाजूक असलेल्या पेशंटचं ऑपरेशन करण्याआधी हिमोग्लोबिन दहापर्यंत आणावं. तो त्यांच्या अनुभवातून आलेला सल्ला होता, कुठल्या चाचणीतून निघालेला निष्कर्ष नव्हता. तरी पुढची चाळीस-पन्नास वर्षं 'दहाच्या खाली रक्त' हा नियम होऊन बसला. मी शिकले तेव्हा आम्हालाही तोच शिकवला होता. कोणी तपासून पाहिलाच नव्हता.

तो नीट तपासला गेला कॅनडात. त्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. अतिदक्षता विभागातल्या ८३८ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेलं की रक्त, दुसऱ्याला सातच्या खाली गेलं तरच. हात राखून रक्त दिलेल्या गटाला निम्म्याहून कमी रक्त लागलं. महिन्याभरात पहिल्या गटातले २३.३ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यातले १८.७ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, म्हणून 'कमी रक्त दिलं म्हणून जास्त वाचले' असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण 'कमी रक्त दिलं म्हणून जास्त गेले' हे मात्र नक्कीच नव्हतं. जगभरच्या रक्तपेढ्यांमध्ये विचार बदलायला तिथून सुरुवात झाली.

आता माझ्या घरातलीच गोष्ट सांगते, कारण त्यात सगळं आहे.

माझी मावशी एकोणऐंशी वर्षांची, वजन जेमतेम ४८ किलो. बडोद्यातच असते. पाच वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला. मागच्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात नेलं त्या रात्री हिमोग्लोबिन होतं ११.४. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑपरेशनच्या आधीच, १०.१. मावसभाऊ घाबरला. "ताई, एक थेंब रक्त बाहेर आलेलं नाही, मग कमी कसं झालं?"

याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. पातेल्यातली निम्मी आमटी सांडली आणि उरलेली चाखली, तर चव तीच लागते. आमटी कमी झालेली असते, पातळ झालेली नसते. मग वरून पाणी घातलं की पातळ होते. हिमोग्लोबिनचा आकडा म्हणजे चव. शंभर मिलिलिटर रक्तात किती ग्रॅम हिमोग्लोबिन आहे एवढंच तो सांगतो. अंगात एकूण रक्त किती उरलं आहे, हे सांगत नाही. खुब्याजवळचं हाड मोडलं की मांडीच्या आत अर्धा ते एक लिटर रक्त साचू शकतं, बाहेरून काही दिसत नाही. पहिल्या रात्रीचा ११.४ हा सांडलेल्या पण अजून पाणी न घातलेल्या आमटीचा आकडा होता. रात्रभरात शरीराने स्वतःचं पाणी रक्तात ओढलं, वर सलाईन गेलं, आणि खरी गोष्ट सकाळी दिसली.

म्हणूनच अपघातातल्या माणसाचं हिमोग्लोबिन १३ आलं तरी कोणी सुस्कारा सोडू नये. पोटात रक्तस्राव चालू असेल, नाडी १३० असेल, हातपाय गार पडले असतील, तर त्याला रक्त तातडीने हवं. तिथे आकड्याची वाट पाहणं म्हणजे माणूस गमावणं. सात-आठचे जे उंबरठे मी पुढे सांगणार आहे, ते स्थिर असलेल्या रुग्णांसाठी आहेत, भळाभळा रक्त जाणाऱ्यासाठी नाहीत.

उलटही होतं. सलाईन चालू असलेल्या हातातूनच नमुना घेतला तर सलाईन मिसळून आकडा खोटाच खाली येतो. अशा वेळी त्याच रिपोर्टात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्सही एकदम घटलेल्या दिसतात. पेशंट छान बसून चहा पितोय आणि आकडा अचानक तीनने उतरलाय, तर आधी दुसऱ्या हातातून पुन्हा तपासणी करावी.

मावशीकडे परत येते. ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा ८.६. मावसभावाचा फोन आला तो थोडा चढ्या आवाजातच. "ताई, चार जण रक्त द्यायला येऊन बसलेत, आणि हे लोक देतच नाहीत. म्हणतात, थांबू या. आईचं हृदय आधीच अधू. तू बोल ना त्यांच्याशी."

मी गेले. तिथले फिजिशियन तरुण होते. आकड्यावर वाद न घालता त्यांनी मावशीच्या खाटेशी उभं राहून एकेक गोष्ट दाखवली. नाडी ८४. रक्तदाब १२८/७०. ऑक्सिजन ९६. तासाला चाळीस मिलिलिटर लघवी. छातीत दुखत नाही, दम नाही, ईसीजी आधीसारखाच. आणि मावशी त्यांना विचारत होती, "डॉक्टर, तुम्ही नाश्ता केलात का?" म्हणजे मेंदूलाही पुरेसा प्राणवायू मिळत होता.

मग ते म्हणाले, "एक गोष्ट माझ्या मनात आहे. यांना बीटा-ब्लॉकरची गोळी चालू आहे. ती नाडी वाढू देत नाही. त्यामुळे ८४ वर मी पूर्ण विसंबत नाही. उद्या उभं करताना बघू." हे ऐकलं आणि मी मावसभावाला म्हटलं, "चहा घेऊ या. हे बरोबर बघतायत."

८.६ ला रक्त न देण्यामागचा आधार काय? नेमक्या अशाच रुग्णांवर झालेला एक अभ्यास आहे, २०११ साली प्रसिद्ध झालेला. अमेरिका आणि कॅनडातल्या ४७ रुग्णालयांतले २०१६ रुग्ण, सगळे खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेले, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले, सरासरी वय ऐंशीच्या वर. एका गटाचं हिमोग्लोबिन दहाच्या वर ठेवलं. दुसऱ्याला आठच्या खाली गेलं तर, किंवा त्रासाची लक्षणं दिसली तर रक्त. मोजमापही घरच्या माणसाला कळेल असं होतं: साठ दिवसांनी माणूस हयात आहे का, आणि कोणाच्या आधाराशिवाय दहा फूट, म्हणजे खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, चालू शकतो का? सढळ हाताने रक्त दिलेल्या गटात ३५.२ टक्के लोकांना हे जमलं नाही किंवा ते हयात नव्हते. हात राखून दिलेल्या गटात ३४.७ टक्के. म्हणजे फरक नाहीच. आणि दुसऱ्या गटातल्या ५९ टक्के लोकांना एकही पिशवी लागली नाही.

त्या अभ्यासातलं 'किंवा त्रासाची लक्षणं दिसली तर' हे अर्धं वाक्य लोक विसरतात. मावशीच्या बाबतीत पुढे तेच कामाला आलं.

त्याआधी शरीर कमी हिमोग्लोबिनवर कसं निभावतं ते सांगायला हवं. माल पोचवणारे टेम्पो कमी झाले तर व्यापारी काय करतो? उरलेल्यांच्या फेऱ्या वाढवतो. हृदय तेच करतं. शिवाय एरवी आपलं शरीर विश्रांतीच्या वेळी रक्तातला साधारण पाव हिस्साच प्राणवायू उतरवून घेतं, बाकीचा तसाच परत जातो. गरज पडली की जास्त उतरवून घेता येतो. ही शिल्लक मोठी आहे, म्हणून आठवर आलेला माणूस शांत बसून गप्पा मारू शकतो.

अपवाद एका अवयवाचा, खुद्द हृदयाचा. हृदयाचा स्नायू आधीच सत्तर टक्क्यांच्या आसपास प्राणवायू काढून घेत असतो, त्याच्याकडे शिल्लक फारशी नसते. त्याला जास्त हवा असेल तर जास्त रक्तच यावं लागतं, आणि रक्तवाहिनी अरुंद असेल तर ते येत नाही. त्यातच फेऱ्या वाढवण्याचं कामही त्याच्याच डोक्यावर. म्हणून हृदयविकार असलेल्यांसाठी उंबरठा सातऐवजी आठ धरतात. हार्ट अटॅक चालू असलेल्या रुग्णांचं चित्र आणखी वेगळं आहे. २०२३ मध्ये ३५०४ अशा रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात कमी रक्त दिलेल्या गटात महिन्याभरात मृत्यू किंवा पुन्हा अटॅक १६.९ टक्के, दहाच्या वर ठेवलेल्या गटात १४.५ टक्के. गणिताच्या काट्यावर हा फरक निर्विवाद ठरला नाही. पण तो दुर्लक्ष करण्यासारखाही नाही, म्हणून अटॅकच्या वेळी बरेच डॉक्टर आता हात सैल ठेवतात. मावशीला स्टेंट होता, पण तेव्हा अटॅक नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

तिसऱ्या दिवशी आकडा ८.२. अजूनही आठच्या वरच. फिजिओथेरपिस्ट बाई आल्या, मावशीला खाटेच्या कडेला बसवलं, वॉकर हातात दिला. उभी राहिली आणि म्हणाली, "बाळ, अंधारी येतेय." नाडी १०४, रक्तदाब ९२. लगेच आडवं केलं. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या बाईची १०४ नाडी म्हणजे शरीर ब्रेक दाबलेला असतानाही जोर लावतंय.

डॉक्टरांनी तेव्हाही थेट पिशवी मागवली नाही. आधी २५० मिलिलिटर सलाईन हळूहळू दिलं, कारण नुसत्या पाण्याच्या कमतरतेनेही चक्कर येते. ईसीजी आणि ट्रोपोनिन पाहिलं, अटॅक नाही ना म्हणून. जखम, मांडीची सूज, शौचाचा रंग पाहिला, कुठे नवा रक्तस्राव नाही ना म्हणून. सगळं ठीक होतं. अर्ध्या तासाने पुन्हा बसवलं, पुन्हा नाडी शंभरच्या वर, पुन्हा अंधारी. तेव्हा त्यांनी सांगितलं, "एक पिशवी देऊ या."

मावसभाऊ गोंधळला. ८.६ ला नाही म्हणाले आणि ८.२ ला हो? आणि एकच का? दोन दिल्या तर काय बिघडतं?

काय बिघडतं ते मी रक्तपेढीत असताना पाहिलं आहे. नव्या माणसाला भीती वाटते ती चुकीच्या गटाच्या रक्ताची किंवा जंतुसंसर्गाची. ती रास्तच आहे. पण वयस्कर, किडकिडीत, हृदय किंवा मूत्रपिंड अधू असलेल्या माणसाला जास्त वेळा गाठणारा धोका आहे तो अतिभाराचा. सलाईनमधलं पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं, लाल पेशी झिरपत नाहीत, त्या आतच राहतात. ४८ किलोच्या बाईच्या अंगात एकूण रक्तच सव्वातीन लिटरच्या आसपास. त्यात दोन पिशव्या भराभर ओतल्या तर हृदयाला ते पुढे ढकलता येत नाही आणि फुप्फुसात पाणी साचतं. रक्त चालू असताना किंवा पुढच्या बारा तासांत धाप लागते, आडवं झोपवत नाही, रक्तदाब वाढतो, ऑक्सिजन उतरतो. घरच्यांनी खाटेशी बसून हेच बघायचं असतं. नव्याने धाप लागली तर 'थकवा असेल' म्हणून गप्प न बसता सिस्टरला हाक मारायची. रक्त थांबवून लघवी वाढवणारं इंजेक्शन वेळेवर दिलं तर बहुतेक जण सावरतात.

म्हणून स्थिर रुग्णाला एका वेळी एकच पिशवी, आणि ती संपल्यावर रुग्ण पुन्हा तपासून मगच दुसरीचा विचार. मावशीला ती एक पिशवी तीन तास लावून दिली. फ्रिजमधून काढलेली पिशवी चार तासांत संपवावी लागते, त्याहून लांबवता येत नाही. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एकने वाढतं, लहान चणीच्या माणसात थोडं जास्त. दुसऱ्या दिवशी आकडा ९.४ आला, पण डॉक्टरांनी तो शेवटी पाहिला. आधी त्यांनी मावशीला उभं केलं. नाडी ८८, अंधारी नाही. वॉकर घेऊन ती दारापर्यंत गेली. दुसरी पिशवी लागली नाही. रक्त द्यायला आलेल्या चौघांना मी नंतर केव्हातरी रक्तदान करायला सांगून घरी पाठवलं.

याच्या अगदी उलट उदाहरण आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंचं. बेचाळीस वर्षांच्या, वजन पन्नास किलो. हिमोग्लोबिन ६.४. प्रयोगशाळेने रिपोर्टावर लाल शाईने गोल केला होता, आणि त्यांच्या मुलाला कोणीतरी 'ताबडतोब दोन बाटल्या चढवा' असं सांगितलं होतं. पण बाई तीन जिने चढून कामाला येत होत्या. वर आल्यावर थोडी धाप, एवढंच. वर्षभर पाळीत अतोनात रक्त जात होतं आणि हिमोग्लोबिन इतकं सावकाश उतरलं होतं, की शरीर वाटेत जुळवून घेत गेलं.

त्यांच्या अंगात लोह संपलं होतं. त्यांचं वजन आणि हिमोग्लोबिन यांवरून हिशेब केला तर तूट साधारण १३०० मिलिग्रॅम लोहाची होती. रक्ताच्या एका पिशवीत लोह असतं दीडशे-दोनशे मिलिग्रॅम. म्हणजे दोन पिशव्या चढवून आकडा आठच्या पुढे गेला असता, सगळे खूश झाले असते, आणि चार महिन्यांनी बाई पुन्हा तिथेच आल्या असत्या. शिवाय परक्या रक्तामुळे अंगात प्रतिपिंडं तयार झाली, तर पुढे खरंच गरज पडेल तेव्हा जुळणारं रक्त शोधणं अवघड होतं. त्यांना शिरेतून लोह दिलं, दोनशे-दोनशे मिलिग्रॅम, एक दिवसाआड. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली, तिच्यावर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे उपचार सुरू झाले. महिन्याभरात हिमोग्लोबिन ९.६, रक्ताचा एक थेंबही न देता. याच बाईंना बसल्या जागी दम लागत असता, छातीत दुखत असतं, चक्कर येऊन पडल्या असत्या किंवा तातडीचं ऑपरेशन असतं, तर ६.४ ला मीही रक्त द्या म्हटलं असतं.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. हे वाचून कोणी थॅलेसेमियाच्या मुलाचं रक्त पुढे ढकलू नये. आपल्या गुजरातेत लोहाणा आणि सिंधी कुटुंबांत हा आजार बराच आढळतो, आणि शेजारधर्माने सल्ला देणारेही पुष्कळ. त्या मुलांचं हिमोग्लोबिन पुढची पिशवी द्यायच्या आधी साडेनऊ ते साडेदहाच्या खाली जाऊ द्यायचं नसतं. तिथे रक्त नुसती तूट भरत नाही, बिघडलेल्या अस्थिमज्जेचं निष्फळ काम थांबवतं. ते झालं नाही तर हाडं वाकडी वाढतात, प्लीहा फुगते, वाढ खुंटते. त्यांचा हिशेब वेगळा, उंबरठाही वेगळा.

आता फोन करणाऱ्यांसाठी. डॉक्टरांना 'रक्त का देत नाही?' असं विचारण्याऐवजी चार प्रश्न विचारा. रक्त अजून कुठे जातंय का? आकडा किती दिवसांत उतरला? हृदयाला त्रास होतोय अशी काही खूण आहे का? आणि कमतरतेचं कारण रक्ताशिवाय भरून काढता येईल का? डॉक्टर रक्त द्यायचं म्हणाले तर पाचवा प्रश्न: एक पिशवी दिल्यावर पुन्हा तपासणार ना? एवढं विचारलंत, की तुम्ही त्यांच्याशी नुसत्या आकड्याबद्दल न बोलता तुमच्या माणसाबद्दल बोलताय हे त्यांनाही कळतं. मला फोन केलात तरी मी हेच पाच प्रश्न विचारणार आहे, तेव्हा उत्तरं आधीच घेऊन ठेवा.